आपोआप तयार झालेली मराठी सबटायटल्स: आधी कानाने तपासा, मग डोळ्यांनी

प्रश्न: आईच्या पाककृतींचे दीड-दोन मिनिटांचे उभे व्हिडिओ टाकते. ॲप आपोआप मराठी सबटायटल्स करून देतं, पण त्यात इतक्या चुका असतात की कुठून हात घालावा तेच कळत नाही. सगळं नव्याने टाइप करायला वेळ नाही. टाकण्याआधी नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने तपासू?

उत्तर: बहुतेक जण सबटायटल्स उघडतात, वाचायला लागतात आणि जे चुकीचं दिसेल ते सुधारत जातात. त्यात वेळ जातो आणि नेमकी घातक चूक राहून जाते, कारण ती चुकीची दिसतच नाही. "शेंगदाण्याच कुठ" हे कुणाच्याही डोळ्यांत खुपेल. पण "देठ काढून टाका" हे अगदी शुद्ध मराठी आहे. आई "देठ काढू नका" म्हणाली होती, हे व्हिडिओ ऐकल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून पहिली फेरी ऐकण्याची, शुद्धलेखनाची नंतर.

भरल्या वांग्यांचा व्हिडिओ धरून चालू, कारण यंत्र जिथे जिथे अडखळतं ते जवळपास सगळं त्यात येतं. सबटायटल्सची कच्ची फाइल साधारण अशी असते:

```
4
00:00:11,200 --> 00:00:16,000
वांगी धुऊन घ्या देठ काढून का फक्त चार

5
00:00:16,000 --> 00:00:21,400
चिरा द्या पाहून वाटी शेंगदाण्याच कुठ दोन चमचे सुख खोबर
```

"काढू नका" आणि "काढून का" यांत कानाला फारच थोडा फरक असतो, भराभर बोलताना "नका"मधला "न" जवळपास अर्धाच ऐकू येतो. शब्द कुठे तोडायचा हे यंत्र अंदाजाने ठरवतं आणि आज्ञार्थी नकार आला की तो अंदाज बरेचदा चुकतो. कधी ते "काढून का" असं अर्धवट सोडतं. ते बरं, निदान दिसतं तरी. कधी मात्र वाक्य पुरं करण्याच्या नादात "काढून टाका" करून मोकळं होतं आणि अर्थ उलटा होतो. पाककृतीत असे नकार पावलोपावली येतात: झाकू नका, ढवळू नका, जास्त पाणी घालू नका, मसाला करपू देऊ नका. त्यामुळे फाइल हातात आली की मी आधी `ून का` हा तुकडा शोधते आणि मग प्रत्येक "टाका" आवाजाशी ताडून बघते. दोन मिनिटांच्या व्हिडिओत अशा जागा चार-पाचच निघतात.

दुसरी घातक जागा म्हणजे मापं. पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द आपल्याला सवयीचे असले तरी यंत्राला ते नीट झेपत नाहीत. "पाऊण वाटी"चं "पाहून वाटी" होतं, "पावणेदोन"चं "पाहुणे दोन", आणि "दीड" कधी "1.5" असं येतं तर कधी नुसतंच "दोन". ऐकताना हातात कागद ठेवा आणि आईने सांगितलेली मापं स्वतःच्या अक्षरात क्रमाने लिहून काढा. मग फाइलमधल्या मापांशी जुळवा. माप अंकात लिहायचं की अक्षरात, हा आवडीचा प्रश्न आहे. मी "पाऊण" आणि "दीड" अक्षरातच ठेवते, कारण बघणारा वाटी हातात घेऊन उभा असतो आणि "0.75 वाटी" वाचून त्याला काहीच बोध होत नाही.

याच फेरीत जिन्नसांची नावंही बघून घ्या. "गोडा मसाला"चा "घोडा मसाला" झाला तर लोक हसतील आणि कमेंटमध्ये सांगतील. "गोड मसाला" झाला तर कुणी काही बोलणार नाही, पण पुण्याबाहेरचा किंवा परदेशात वाढलेला कुणी दुकानात जाऊन तेच मागेल. "सुकं खोबरं"चं "सुख", "कूट"चं "कुठ", "कोळ"चं "कोल" किंवा "कोळी" हे नेहमीचं. त्या पाककृतीचे दहा-पंधरा खास शब्द आधीच लिहून ठेवले तर हे तपासायला मिनिटभर पुरतं.

ऐकण्याची फेरी झाली की फाइल दुरुस्तीच्या लायकीची आहे का ते एकदा ठरवा. जागोजागी "और", "है", "पानी", "डाल", "गैस", "पैन" दिसत असेल तर यंत्राने बोलणं हिंदी समजून लिहिलंय. भाषा "ऑटो"वर ठेवली की असं होतं. पहिल्याच वाक्यात "हॅलो फ्रेंड्स" असेल तर हमखासच. अशी फाइल सुधारत बसण्यात अर्थ नाही. ॲपमध्ये भाषा मराठी निवडा आणि पुन्हा काढा. संगणकावर व्हिस्पर हा बोलणं ऐकून लिहून देणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर भाषा आज्ञेतच द्या:

```
whisper bharli-vangi.mp4 --language mr --output_format srt
```

आणखी एक गोष्ट मुळातच टाळता येते. सबटायटल्स काढताना पार्श्वसंगीत नसलेला आवाज द्या, संगीत मागाहून घाला. नुसतं संगीत किंवा शांतता आली की यंत्र मनाचं काहीतरी लिहितं, नाहीतर आधीचंच वाक्य तीन-चारदा लागोपाठ उमटवतं. फोडणी तडतडते आणि कुणीच बोलत नाही, त्या जागा मुद्दाम बघा.

आता शुद्धलेखन. इथे चुकांचे ठरावीक साचे असतात, म्हणून काम भराभर होतं. पण "सगळीकडे बदला" हे बटण जपून दाबायचं.

सगळ्यात जास्त चुका शेवटच्या अनुस्वाराच्या. आई बोलते "खोबरं भाजलं, वाटण केलं". यंत्र कधी "खोबर भाजल" लिहितं, कधी छापील पुस्तकासारखं "खोबरे भाजले". पहिलं सरळ चूक आहे. त्यातही "शेंगदाण्याच" असं अनुस्वाराशिवाय राहिलं तर "शेंगदाण्याचाच" असा काहीतरी जोर दिल्यासारखं वाचलं जातं आणि डोळा अडतो. दुसरं शुद्ध आहे, पण आई तसं बोललेली नाही. बोलण्यातली अनुस्वाराची रूपं उच्चाराप्रमाणे लिहायला मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांचीही मुभा आहे, तेव्हा "केलं, झालं, घातलं" बिनधास्त ठेवा. फक्त एका व्हिडिओत दोन्ही पद्धतींची सरमिसळ नको. आणि "भाजले"चं सरसकट "भाजलं" करू नका: खोबरं भाजलं, पण मसाले भाजले. कर्म काय आहे ते बघूनच हात लावायचा. ताजं आलं घालणार असाल तर "आल किसून घ्या" अशी ओळ हटकून येते, तीही याच जातीची.

दुसरा साचा तुटलेल्या प्रत्ययांचा. "कढई मध्ये", "वांग्यां ना", "चिंचे चा", "त्या साठी". मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येतं: कढईमध्ये, वांग्यांना, चिंचेचा, त्यासाठी. हे नुसतं दिसायला वाईट असतं असं नाही. शब्द सुटा असला की ॲप ओळही नेमकी तिथेच तोडतं आणि खालची ओळ "मध्ये तेल गरम करा" अशी सुरू होते. ` मध्ये`, ` साठी`, ` पासून`, ` पर्यंत`, ` सुद्धा` असे आधी जागा सोडलेले तुकडे शोधले की सगळे सापडतात. ` ना`, ` चा`, ` त` मात्र एकेक करून बघा. "हो ना" आणि "करा ना" यांतला "ना" सुटाच हवा.

तिसरा साचा ऱ्हस्व-दीर्घाचा. अख्खं शुद्धलेखन इथे सांगत नाही, पण पाककृतीत एकच नियम पुन्हा पुन्हा लागतो: प्रत्यय लागला की मूळ शब्दातली शेवटून दुसऱ्या अक्षराची दीर्घ ई किंवा ऊ ऱ्हस्व होते. गूळ, पण गुळाचा. तीळ, पण तिळाचं. कूट, पण कुटात. मीठ, पण मिठाचं. दूध, पण दुधात. यंत्र मूळ शब्द तसाच ठेवून "गूळाचा", "दूधात" लिहितं, किंवा उलट सुटा "गुळ" आणि "तिळ" लिहितं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत, जसं शरीर-शरीरात, पण स्वयंपाकघरात ते फारसे भेटत नाहीत. "ठेऊन" दिसलं की "ठेवून" करा, "जेऊन"चं "जेवून". "घेऊन", "जाऊन" आणि "धुऊन" मात्र बरोबर आहेत, त्यांना हात नको.

चौथा साचा थोडा सविस्तर सांगते, कारण इथे सुधारणाराच नव्या चुका घालतो. "खोबऱ्याचा", "जिऱ्याची", "दुसऱ्या", "बाजूच्या कोपऱ्यात" यांतला अर्धा र यंत्र बरेचदा रफार करून लिहितं: "खोबर्याचा", "दुसर्या". मराठीत हे दोन वेगळे उच्चार आहेत. "आचाऱ्यांना विचारा" म्हटलं तर स्वयंपाक्यांना विचारायचं, "आचार्यांना" म्हटलं तर गुरुजींना. सुधारायचं म्हणून कुणी "र्य" शोधून सगळीकडे "ऱ्य" करतं आणि मग "लालसर होईपऱ्यंत" छापून येतं. कारण "पर्यंत" हा शब्द पाककृतीत दर चौथ्या वाक्याला असतो. तेव्हा शोधायचं `र्य`, पण प्रत्येक जागा बघून पुढे जायचं. पर्यंत, पर्याय, कार्य, सूर्य तसेच राहणार.

यात एक छुपी अडचण आहे. "ऱ्या" दोन रीतींनी टाइप होतो. एक खरा "ऱ" घेऊन, जो इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून j ला मिळतो. दुसरी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह अशी. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द असतात. म्हणून "दुसऱ्या" शोधलं तर निम्मेच सापडतात. "ॲप" आणि "अॅप"चंही तसंच. तुमच्या कळफलकाने जे उमटतं ते एकदा ठरवा आणि फाइलमधलं दुसरं रूप कॉपी करून शोधचौकटीत चिकटवा. नुसतं टाइप करून ते सापडणार नाही.

ळ-ल आणि ण-न सोपे आहेत: तलून-तळून, मिसलून-मिसळून, डाल-डाळ, पानी-पाणी. इंग्रजी शब्दांचा हिंदी वळणाचा ऐकारही सोपा: गैस-गॅस, पैन-पॅन, बैटर-बॅटर. हे असे बदल आहेत की ते एकदा यादीत घालून ठेवले की दर व्हिडिओला आपोआप होतात. सबटायटल एडिट या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रॅममध्ये `Multiple replace` म्हणून सोय आहे, तिथे ही यादी साठवता येते. यादीत फक्त असेच शब्द घाला ज्यांचं दुसरं रूप मराठीत कधीच बरोबर नसतं. "वेल" घालू नका, दोडक्याचा वेल खरा असतो. "पूर्ण शब्दच शोधा" या खुणेवर देवनागरीत विसंबू नका. काना-वेलांटी आली की शब्द संपला असं समजणारे प्रोग्रॅम आहेत. शब्दाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून शोधा.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: अख्ख्या फाइलमध्ये 1 चं १ आणि 2 चं २. एसआरटी म्हणजे वर दाखवली तशी सबटायटल्सची फाइल, तिच्यात ओळीचा क्रमांक आणि वेळ याच अंकांत असतात. ते देवनागरी झाले की फाइल उघडतच नाही किंवा सबटायटल्स दिसतच नाहीत, आणि काय बिघडलं ते कळत नाही. देवनागरी अंक हवेत तर ते मजकुरातच, हाताने. नोटपॅडमध्ये सुधारत असाल तर साठवताना एन्कोडिंग `UTF-8` आहे ना ते बघा. `ANSI` राहिलं तर सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत फिरत नाहीत.

हे झालं की वरच्या दोन ओळी अशा होतात:

```
4
00:00:11,200 --> 00:00:14,000
वांगी धुऊन घ्या.
देठ काढू नका.

5
00:00:14,000 --> 00:00:16,700
फक्त चार चिरा द्या.

6
00:00:16,700 --> 00:00:21,400
पाऊण वाटी शेंगदाण्याचं कूट,
दोन चमचे सुकं खोबरं
```

इथे शब्दांइतकीच ओळींची तोडही बदलली आहे. यंत्र वेळेचा तुकडा संपला की तोडतं. त्यामुळे "फक्त चार" एका पडद्यावर आणि "चिरा द्या" पुढच्यावर गेलं होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे काय करायचं ते वाक्य संपेपर्यंत कळत नाही. वाक्य दोन पडद्यांवर विभागलं की बघणाऱ्याला आधीचा पडदा लक्षात ठेवावा लागतो, आणि त्याच वेळी त्याचं लक्ष कढईकडे असतं. शक्य तिथे कृती आणि क्रियापद एकाच पडद्यावर ठेवा. वाक्य लांब असेल तर "होईपर्यंत", "झाल्यावर", "घालून" अशा शब्दानंतर तोडा: "कांदा लालसर होईपर्यंत" एका ओळीत, "मंद आचेवर परता" पुढच्या ओळीत. माप आणि जिन्नस यांच्यामध्ये कधीही तोडू नका. "दोन चमचे" वर आणि "खोबरं" खाली असं झालं की चमचे कशाचे ते लोक चुकवतात.

एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. उभ्या व्हिडिओत एका ओळीत काना-मात्रेसकट एक धरून अठरा-वीस अक्षरं नीट मावतात. प्रोग्रॅम दाखवतो तो अक्षरांचा आकडा यापेक्षा बराच मोठा असेल, कारण बरेच प्रोग्रॅम काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतात. "ण्या"ची चार चिन्हं होतात. म्हणून "वाचायला फार वेगवान" अशी लाल खूण दिसली की लगेच घाबरू नका. ओळ स्वतः सावकाश वाचून बघा. वाचून पुरी झाली की ठीक. कोणतीही ओळ निदान सेकंदभर तरी दिसायला हवी, आणि सहा-सात सेकंदांहून जास्त तीच ओळ राहिली तर लोक ती पुन्हा वाचायला लागतात.

आई भराभर बोलत असेल तर सगळं बोलणं सबटायटलमध्ये मावणार नाही. "तर मग आता आपण काय करायचं", "म्हणजे बघा" असे भरीचे शब्द खुशाल गाळा. माप, नकार, क्रम आणि आच यांतलं काही गाळायचं नाही. तिची बोली मात्र पुसू नका. नागपूरकडची आई "मी मसाला भाजून राहिले" म्हणत असेल तर "भाजते आहे" असं करू नका. कानावर एक आणि डोळ्यांसमोर दुसरं आलं की बघणारा गोंधळतो. शिवाय लोक तिला ऐकायला आलेले असतात. शब्द तिचे ठेवा, सुधारायचं ते फक्त लेखन.

शेवटचा टप्पा अक्षरं व्हिडिओवर कायमची उमटवण्याचा, आणि इथे शुद्ध फाइलही बिघडू शकते. काही एडिटिंग प्रोग्रॅम देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, "चिरा"चं काहीतरी विचित्र दिसतं, "ण्या"चा हलन्त उघडा पडतो. फाइल बघितली तर तिथे सगळं ठीक असतं. हा दोष मजकुराचा नाही, अक्षरं मांडणाऱ्या इंजिनाचा आहे. प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्समध्ये सेटिंगात `South Asian and Middle Eastern` हा पर्याय दिसत असेल तर तो निवडा. फोनवरच्या ॲपमध्ये अशी सोय नसेल तर फाँट बदलून बघा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता सहसा दगा देत नाहीत. तपासायला एकच ओळ पुरते: "दुसऱ्या कढईत चिंचेचा कोळ, जिऱ्याची फोडणी, शेंगदाण्याचं कूट". ही नीट दिसली तर बाकीचंही बहुतेक नीटच दिसेल.

अक्षरं पडद्याच्या अगदी तळाशी ठेवू नका. तिथे ॲप तुमच्या खात्याचं नाव, मथळा आणि बटणं दाखवतं आणि खालची ओळ झाकली जाते. तळापासून पाव उंचीवर ठेवली की बरं पडतं, फक्त तिथे कढई येत नाही ना ते बघा.

मग तयार व्हिडिओ फोनवर, आवाज बंद करून, ही भाजी कधी न केलेल्या कुणाला तरी दाखवा. तुम्ही स्वतः बघू नका, तुम्हाला सगळं पाठ झालेलं असतं. बघून झाल्यावर देठांचं काय करायचं आणि कूट किती घ्यायचं, एवढंच विचारा. तिथे चुकलं तर परत जा. एखादी वेलांटी राहून गेली असेल तर त्यासाठी व्हिडिओ अडवू नका.

जिथे सबटायटलची फाइल वेगळी जोडता येते, उदाहरणार्थ यूट्यूबवर, तिथे अक्षरं उमटवण्याऐवजी एसआरटीच चढवा. चूक नंतर सापडली तरी फाइल बदलता येते, व्हिडिओ, त्याच्या कमेंट आणि आकडे तसेच राहतात. जिथे उमटवण्याशिवाय पर्याय नाही, तिथे अक्षरं नसलेली मूळ प्रत आणि सुधारलेली एसआरटी एकाच नावाने जपून ठेवा. माप चुकल्याचं टाकल्यावर कळलं तर तेवढी ओळ सुधारून व्हिडिओ पुन्हा काढायला पाच मिनिटं लागतात. तोवर बरोबर माप कमेंटमध्ये लिहून ती वर पिन करून ठेवा.